हप्ता पस्तीस टक्क्यांत बसवायचाय, तर लोन उलट्या बाजूने मोजा

प्रश्न: "वय ३०, पुण्यात प्रायव्हेट जॉब, ग्रॉस ९५ हजार, हातात ८० येतात. बायकोला ३८ हजार आहेत, पण एक-दोन वर्षांत बाळाचा विचार आहे, मग ती काही वर्षं जॉब सोडेल. बाईकचा हप्ता ४,५०० अजून १४ महिने आहे. सेव्हिंग १२ लाख. हप्ता हातातल्या पगाराच्या ३५ टक्क्यांवर जाऊ द्यायचा नाही असं ठरवलंय. बँक म्हणते ४९ लाख मिळतील, ८.५ टक्क्यांनी. मोशी साइडला रेडी फ्लॅट बघतोय. जास्तीत जास्त किती लोन घेऊ?"

आधी आकडा सांगतो, २८ लाख. आता हा कुठून आला ते सांगतो, कारण तुमचा दर किंवा पगार थोडा इकडेतिकडे झाला की तो बदलणार आणि तेव्हा तुम्हालाच परत काढावा लागणार. मी सतरा वर्षं बँकेत होमलोनच्या टेबलावर होतो, आता बाहेर पडून लोकांच्या फाइली बघून देतो, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलोय.

पहिलं म्हणजे बँकेचे ४९ लाख. हे काही मोठं गौडबंगाल नाहीये. बँकेने तुमचा ग्रॉस पगार धरला, ९५ हजार. त्याचे ५० टक्के म्हणजे ४७,५००, हे सगळे हप्ते मिळून जास्तीत जास्त किती जाऊ शकतात त्याचं माप. त्यातून बाईकचे ४,५०० वजा, राहिले ४३ हजार. ८.५ टक्के, वीस वर्षं, या हिशोबाने लाखाला हप्ता येतो ८६८ रुपये. ४३ हजार भागिले ८६८, झाले साडेएकोणपन्नास. त्यांनी खाली राउंड करून ४९ सांगितले. यात बँकेने काही फसवलेलं नाही, तिचा प्रश्नच वेगळा आहे. बँकेला बघायचं असतं की हा माणूस हप्ता भरेल का, आणि नाहीच भरला तर फ्लॅट आपल्याकडे गहाण आहेच. हप्ता भरून झाल्यावर तुमच्या घरात महिन्याला किती उरतात हा तिचा विषय नाही, तो तुमचा विषय आहे. ४९ लाखांचा हप्ता होतो साधारण ४२,५००, म्हणजे तुमच्या हातातल्या पगाराच्या ५३ टक्के. बँकेच्या मापात बसतो, तुमच्यात नाही.

म्हणून आपण उलटं जायचं. लोकं लोनपासून सुरुवात करतात, एवढं लोन घेतलं तर हप्ता किती, मग तो जास्त वाटला की मुदत वाढवतात, मग परत बघतात. तुम्ही हप्ता आधीच बांधून घेतलाय ते फार बरं केलंत, आता फक्त त्याला लाखाच्या हप्त्याने भागायचं. आमच्या ब्रांचमध्ये प्रत्येकाच्या टेबलाच्या काचेखाली एक पिवळा पडलेला तक्ता असायचा, आडवे दर, उभी वर्षं, आणि चौकटीत लाखाला हप्ता. मोबाइलवर कॅल्क्युलेटर आले तरी मी तोच बघायचो कारण त्यात बोट सरकवलं की लगेच दिसतं काय बदललं की किती बदलतं. तुम्ही एक्सेल किंवा गूगल शीटमध्ये हे टाका:

```
=PV(8.5%/12, 240, -28000)
```

यात ८० हजारांचे ३५ टक्के म्हणजे २८,००० हा हप्ता आहे, २४० हे महिने आहेत, आणि उत्तर येईल साधारण ३२.२६ लाख. हप्त्यापुढचं मायनसचं चिन्ह विसरलात तर उत्तर मायनसमध्ये येतं, घाबरू नका. दर वर्षाचा असतो म्हणून त्याला १२ ने भागलंय, हे भागायला लोकं विसरतात आणि मग तीन-सव्वातीन लाखांसारखं काहीतरी विचित्र उत्तर येतं.

मग ३२ लाख का नाही, २८ का, ते पुढे येतं. पण त्याआधी ८० हजार हा आकडा खरंच ८० आहे का ते बघा, कारण सगळी इमारत त्याच्यावर उभी आहे. सॅलरी स्लिप काढा, एक नाही, गेल्या बारा महिन्यांच्या. त्यात ओव्हरटाइम, इन्सेंटिव्ह, शिफ्ट अलाउन्स असं जे काही दर महिन्याला हलतं ते बाजूला काढा आणि जे बाराही महिने जसंच्या तसं आलंय तेवढंच धरा. पिंपरीतल्या एका कारखान्यातला एक जण माझ्याकडे आला होता, स्लिपवर ६४ हजार हातात, पण त्यातले चौदा हजार ओव्हरटाइमचे. त्याने ६४ वर हिशोब करून लोन घेतलं, २०२० मध्ये कारखाना बंद आणि सुरू झाला तेव्हाही वर्षभर ओव्हरटाइम नाही, म्हणजे ज्या हप्त्याला तो पस्तीस टक्के समजत होता तो बसल्या जागी पंचेचाळीस झाला. हप्ता तोच होता, खालचा आकडा हलला.

दुसरं, काही कंपन्यांत पतपेढीचं कर्ज, सोसायटीचे शेअर, असलं काही पगारातूनच कापतात. ते कापून हातात येणारे ८० असतील तर ते आधीच वजा झालंय, परत वजा करू नका. उलट वर्षातून एकदा जाणारं जे असतं, एलआयसीचा हप्ता, गाडीचा इन्शुरन्स, आईवडिलांच्या मेडिक्लेमचं प्रीमियम, ते कुठेच दिसत नाही. ते बारा भागात वाटून घ्या. समजा वर्षाला ४८ हजार जात असतील तर महिन्याचे चार हजार आधीच गेलेत, आणि तुमचे खरे ८० नसून ७६ आहेत. मी पुढे तुम्ही दिलेले ८० च धरतोय, पण वजा निघालं तर त्याच मापाने लोन खाली आणा. दर चार हजार पगारामागे १,४०० हप्ता, म्हणजे पुढे ज्या दराने २८ लाख काढलेत त्या दराने जवळपास १.४ लाख लोन कमी होतं.

आणि ३५ टक्क्यांबद्दल पण एक बोलतो, हा काही वेदात लिहिलेला आकडा नाही. ८० हजारवाल्याकडे ३५ टक्के गेल्यावर ५२ हजार उरतात, ३५ हजारवाल्याकडे तेवढेच टक्के गेल्यावर पावणेतेवीस हजार उरतात. टक्के तेच, पण एकाच्या घरात नीट चालतं आणि दुसऱ्याच्या घरात महिन्याच्या वीस तारखेला उसनवारी सुरू होते. तुमच्याबाबतीत ५२ हजारांत तीन माणसं, फ्लॅटचा मेंटेनन्स, बाळाचा खर्च, गावी काही पाठवत असाल तर ते, एवढं बसतंय का बघा. बसत असेल तर ३५ ठीक आहे. गावी महिन्याला दहा जात असतील तर मी तुम्हाला ३० म्हणेन.

आता मुदत. तुम्ही ३० वर्षांचे आहात म्हणून एजंट नक्की म्हणणार की सर, तीस वर्षांचं करू, साठीपर्यंत बसतंय, एलिजिबिलिटी वाढते. वाढते हे खरंय. २८ हजार हप्त्यात वीस वर्षांत ३२.२६ लाख बसतात, तीस वर्षांत ३६.४ लाख बसतात. म्हणजे चार लाखांच्या आसपास जास्त. आता त्याची किंमत बघा. वीस वर्षं २८ हजार भरले तर एकूण ६७.२ लाख भरले. तीस वर्षं भरले तर १ कोटी ८० हजार. हातात चार लाख जास्त मिळाले, भरले साडेतेहतीस लाख जास्त. हे मी जेव्हा कागदावर लिहून समोर सरकवतो तेव्हा माणूस दोन मिनिटं बोलत नाही.

असं का होतं ते समजलं तर पुढचं सगळं सोपं जाईल. मुदत वाढवत गेलात की हप्त्यातला मुद्दलाचा भाग बारीक होत जातो आणि हप्ता जवळपास सगळा व्याजातच जातो. याला एक टोक आहे. ८.५ टक्क्यांनी ज्या रकमेचं महिन्याचं नुसतं व्याजच २८ हजार होतं ती रक्कम आहे ३९.५ लाख. म्हणजे मुदत तीस वर्षं करा, पन्नास करा, शंभर करा, २८ हजार हप्त्यात ३९.५ लाखांच्या वर लोन बसूच शकत नाही, कारण त्यापुढे हप्त्यातून व्याज पण भागत नाही. बँकेच्या ४९ लाखांचं पहिल्या महिन्याचं नुसतं व्याज ३४,७०० होतं. तुमचा पूर्ण २८ चा हप्ता देऊन वर जवळजवळ सात हजार कमीच पडतात. म्हणून ४९ आणि तुमचे ३५ टक्के यांच्यात मुदत ताणून मधला रस्ता काढू असं जर डोक्यात असेल तर तो रस्ताच नाहीये.

वीस वर्षं धरा. पंधरा जमली तर अजून छान, पण त्यात २८ हजारांत साधारण २८.४ लाखच बसतात, आणि मी पंधराच्या कागदावर सही करण्यापेक्षा वीसचं घेऊन जादा भरा असं सांगतो, कारण जादा भरणं अडचणीच्या महिन्यात थांबवता येतं, ठरलेला हप्ता थांबवता येत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथेच ३२ चे २८ होतात. तुमचं लोन फ्लोटिंग असणार, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते त्या रेपो रेटला बांधलेलं, तो हलला की तुमचा दर हलणार. आज ८.५ आहे म्हणून हप्ता ३५ टक्क्यांत बसतोय, पण तुम्ही नियम तर वीस वर्षांसाठी केलाय ना, पहिल्या महिन्यासाठी नाही. मे २०२२ च्या आधी रेपो ४ टक्के होता, फेब्रुवारी २०२३ मध्ये ६.५ झाला. जेमतेम नऊ-दहा महिन्यांत अडीच टक्के. तेव्हा माझ्याकडे जे लोक आले ते ६.७५ टक्क्यांनी लोन घेतलेले होते, लाखाला हप्ता ७६० रुपये, आणि दर सव्वानऊ झाल्यावर त्याच एका लाखाचं महिन्याचं नुसतं व्याज ७७० रुपये होत होतं. नवीनच घेतलेल्यांचा हप्ता व्याजाला पण पुरेना. बऱ्याच जणांना तर कळलंच नव्हतं, कारण हप्ता तेवढाच कटत होता, मुदत मात्र गुपचूप वाढली होती. एका बाईंनी मला स्टेटमेंट दाखवलं, दोन वर्षं हप्ते भरले आणि बाकी हप्त्यांचा आकडा लोन घेताना होता त्यापेक्षा मोठा. त्यांना वाटलं बँकेची चूक झाली. चूक नव्हती.

ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने यावर नियम केला, दर रीसेट होताना बँकेने ग्राहकाला सांगायचं आणि विचारायचं की हप्ता वाढवू, मुदत वाढवू की दोन्ही थोडं थोडं, आणि मुदत अशी वाढवायची नाही की हप्त्यातून महिन्याचं व्याज पण निघत नाहीये. नियम चांगलाय. पण त्याचा अर्थ असा की दर फार वाढला तर मुदत वाढवून पळवाट काढता येणार नाही, हप्ता वाढवावाच लागेल, आणि तुमचे ३५ टक्के तिथे मोडणार.

म्हणून मी काय करतो, आजच्या दरात दोन टक्के मिळवतो आणि त्या दराने लोन काढतो. वरच्याच सूत्रात 8.5% च्या जागी 10.5% टाका. उत्तर येतं साधारण २८.०५ लाख. हे तुमचं खरं कमाल लोन. आज ८.५ ने २८ लाखांचा हप्ता बसेल साधारण २४,३००, म्हणजे पगाराच्या तीस टक्क्यांच्या किंचित वर, आणि उद्याच दर १०.५ झाला तरी २७,९५०, म्हणजे तुमच्या मापाच्या आतच.

३२ लाख घेतले असते तर काय झालं असतं ते पण करून बघू. आज हप्ता २७,७७०, बरोबर पस्तीस टक्क्यांच्या आत, सगळं छान. दोन वर्षांनी दर साडेदहा झाला. तोपर्यंत बाकी राहिलेलं मुद्दल साधारण ३०.६७ लाख, त्याचं महिन्याचं व्याज २६,८३६. तुमच्या हप्त्यातून मुद्दलाला जातात नऊशे तीस रुपये. हप्ता तोच ठेवला तर लोन फिटायला अजून ३८९ महिने, म्हणजे बत्तीस वर्षं. तुम्ही तेव्हा बत्तीसचे असाल, लोन चौसष्टाव्या वर्षी संपेल, आणि बँक एवढी मुदत बहुतेक देणारच नाही, ती म्हणेल हप्ता वाढवा. उरलेल्या अठरा वर्षांतच फेडायचं ठरवलं तर हप्ता ३१ ते ३२ हजारांच्या दरम्यान जातो, जवळपास चाळीस टक्के.

तुम्ही म्हणाल पगार पण वाढेल ना तोपर्यंत. वाढेल बहुतेक, आणि वाढला की हे सगळं सैल होत जातं. पण दोन वर्षांनी बाळ पण आहे, बायकोचा पगार बंद आहे, आणि दर कधी वाढतील हे तुमच्या अप्रेझलला विचारून ठरत नाही. पगारवाढ आली तर जादा भरा, आधीच खर्चात धरू नका. ज्याला सरकारी नोकरी आहे, डीए ठरल्यासारखा वाढतो, त्याला मी दोनच्या जागी एक टक्का धरू देतो. प्रायव्हेटवाल्याला दोन. आणि आजचे दर आधीच आभाळाला टेकलेले असते, साडेदहा-अकरा वगैरे, तर मी एवढं कडक नसतो वागलो.

बाईकचा हप्ता. २४,३०० अधिक ४,५०० म्हणजे २८,८००, आठशे रुपयांनी तुमची रेघ ओलांडतोय चौदा महिने. बायकोचा पगार चालू असताना हे काही संकट नाही, पण माझं मत आहे की ते बंदच करून टाका. चौदा हप्ते म्हणजे ६३ हजार, आजची बाकी त्याहून थोडी कमी असेल. बाईक लोनचा दर होमलोनपेक्षा जास्तच असतो, फक्त आधी बंद करायचा चार्ज किती ते विचारून घ्या. बंद केलंत की एनओसी घ्या आणि आरसीवरचा बँकेचा बोजा उतरवून घ्या, आणि क्रेडिट रिपोर्टमध्ये ते क्लोज्ड दिसेपर्यंत थोडा वेळ जातो म्हणून होमलोनच्या अर्जाआधी महिना-दीड महिना हे उरका.

बायकोचे ३८ हजार लोनच्या हिशोबात धरू नका. बँक धरेल, अगदी आनंदाने धरेल, आणि एलिजिबिलिटी ६५ च्या पुढे नेऊन ठेवेल. तुम्हीच लिहिलंय की ती काही वर्षं सोडणार, मग जे उत्पन्न बंद होणार हे आज माहितीये त्यावर वीस वर्षांचा हप्ता कसा बांधायचा. पण ते पैसे वाया घालवू नका. समजा पहिली दोन वर्षं तिच्या पगारातून महिन्याला दहा हजार जादा भरलेत, हप्ता २४,३०० तसाच आणि वर दहा, तर एकूण जादा गेले २ लाख ४० हजार. मग तिने नोकरी सोडली, जादा भरणं बंद. तरी २४० महिन्यांचं लोन १९८ महिन्यांत संपतं, म्हणजे शेवटचे ४२ हप्ते, दहा लाखांच्या वर रक्कम, भरायचेच नाहीत. सुरुवातीला भरलेला रुपया एवढं काम करतो कारण तो पुढे अठरा-वीस वर्षं व्याज खाऊ देत नाही. वैयक्तिक फ्लोटिंग होमलोनवर आधी पैसे भरायला चार्ज लावता येत नाही, फक्त भरताना लेखी सांगा की हप्ता तोच ठेवा आणि मुदत कमी करा. न सांगता भरलेत आणि त्यांनी हप्ता कमी केला तर हा सगळा फायदा पातळ होतो.

आता दुसरी बाजू, २८ लाखांत फ्लॅट केवढ्याचा येतो. इथे एक गोष्ट लोकांना उशिरा कळते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० लाखांपर्यंतच्या होमलोनला घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत लोन देता येतं, ३० च्या वर ७५ लाखांपर्यंत ८० टक्केच. आणि किंमत म्हणजे फ्लॅटची किंमत, स्टॅम्प ड्युटी आणि रजिस्ट्रेशन त्यात धरत नाहीत, ते तुमच्या खिशातून. म्हणजे ३२ लाख लोन घ्यायचं तर फ्लॅट किमान ४० लाखांचा हवा, तुमचे ८ लाख, वर ७ टक्के स्टॅम्प ड्युटीचे २ लाख ८० हजार, रजिस्ट्रेशनचे ३० हजार, झाले ११ लाख १० हजार. बाईक बंद केल्यावर तुमच्याकडे ११ लाख ४० हजारच आहेत. चावी हातात आली तेव्हा खात्यात तीस हजार, आणि प्रोसेसिंग फी, वकिलाची फी, रंग, पंखे, सामान हलवणारा टेम्पो हे अजून बाकीच.

२८ लाखांत हे कसं बसतं बघा. फ्लॅट ३३ लाखांचा धरा. तुमचे ५ लाख, स्टॅम्प ड्युटी २ लाख ३१ हजार, रजिस्ट्रेशन ३० हजार, बाकी सटरफटर ७० हजार. मिळून ८ लाख ३१ हजार. ११.४० मधून गेले तर हातात ३ लाख राहतात. हे तीन लाख हलवू नका, फर्निचरला तर अजिबात नाही. तुमचा हप्ता आणि घरखर्च मिळून चार-साडेचार महिने यात निघतात आणि प्रायव्हेट नोकरीत मला हे सुद्धा कमीच वाटतं, पण बायकोचा पगार अजून वर्षभर आहे तोवर त्यात भर पडेल. ३३ च्या फ्लॅटला २८ लाख म्हणजे ८५ टक्के, ९० च्या आत आहे, त्यामुळे अडत नाही. एवढंच की बँकेचा व्हॅल्युएटर फ्लॅटची किंमत ३० काढून गेला तर बँक ३० धरते, ॲग्रीमेंटवरचे ३३ नाही, आणि मग त्याचे ९० टक्के म्हणजे २७ च मिळतात. रीसेल फ्लॅट असेल तर टोकन द्यायच्या आधी हे व्हॅल्युएशन होईल का विचारून बघा, काही बँका करून देतात.

मोशीत ३३ मध्ये तुम्हाला हवा तसा फ्लॅट मिळत नसेल तर दोनच गोष्टी हलवता येतात, एक तर स्वतःचे पैसे अजून वर्ष-दीड वर्ष साठवा, बायकोचा पगार चालू आहे तोवर महिन्याला पंचवीस हजार बाजूला पडले तरी वर्षात तीन लाख होतात, किंवा फ्लॅट लहान करा. तिसरी गोष्ट म्हणजे ३५ टक्के थोडे ताणणे, ते सगळ्यात सोपं वाटतं, पाच मिनिटांत होतं, म्हणून लोक तेच करतात.

अंडर कन्स्ट्रक्शनकडे वळलात तर मात्र हा हिशोब बदलतो, भाडं चालू आणि वर दिलेल्या रकमेचं व्याज चालू, शिवाय जीएसटी. रेडी बघताय तेच ठीक.

बुकिंगच्या आधी एक करून बघा. आत्ता जे भाडं देताय ते २४,३०० अधिक सोसायटीचा मेंटेनन्स यातून वजा करा. समजा भाडं १६ हजार आणि मेंटेनन्स अडीच हजार, तर फरक १०,८०० होतो. पगार झाल्याच्या दिवशी हे १०,८०० आरडीत टाका, आणि बायकोचा पगार पूर्ण बाजूला ठेवून घर फक्त तुमच्या ८० मधल्या उरलेल्यावर चालवा. सहा महिने. तिसऱ्या महिन्यात आरडी मोडावीशी वाटली तर २८ पण जास्त आहेत, २५ वर या.

आणि अर्ज भरताना मागितलेली रक्कम या रकान्यात २८ च लिहा, "एलिजिबिलिटीप्रमाणे" असं लिहू नका. तसं लिहिलं की सँक्शन ४९ चं येतं, प्रोसेसिंग फी बऱ्याचदा त्यावर टक्क्याने लागते, आणि मग बिल्डरचा माणूस, ब्रोकर, सासरे, सगळे म्हणायला लागतात की मंजूर झालंच आहे तर मोठाच घ्या. सँक्शन लेटर आलं की त्यात लोन २८ लाखच लिहिलंय का बघा, की २९ आहे. तो वरचा एक लाख बहुतेक वेळा लोनच्या इन्शुरन्सचा एकरकमी प्रीमियम असतो, लोनमध्येच घालून दिलेला, आणि तो सक्तीचा नसतो. टर्म प्लॅन वेगळा घ्या, तो हवाच, पण तो लोनमध्ये मिळवून वीस वर्षं व्याज भरत घेऊ नका, त्या एका लाखाचे पण महिन्याला ८६८ जातात.